रात्रीचा फ्लॅशचा फोटो आणि दिवसाची पार्श्वभूमी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नाच्या स्वागतसमारंभात किंवा घरच्या कार्यात रात्री फ्लॅश लावून काढलेल्या फोटोतली माणसे कापून ती दिवसाच्या दृश्यात बसवायची असतात, त्या वेळी सतत विचारले जाणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरांमधील आज्ञांची नावे फोटोशॉपमधील आहेत. इतर प्रणालींमध्येही तशाच आज्ञा बहुधा सापडतात.

१. रात्री फ्लॅशने काढलेला माणूस दिवसाच्या फोटोत ठेवला की तो चिकटवल्यासारखा का दिसतो? कटिंग तर स्वच्छ केले आहे.

कटिंग स्वच्छ असूनही जोड उघडा पडतो, कारण दोन्ही फोटोंतला प्रकाश वेगवेगळ्या ठिकाणाहून आलेला असतो. कॅमेऱ्यावर बसवलेला फ्लॅश हा भिंगाच्या अगदी जवळचा लहानसा दिवा आहे. त्याचा उजेड समोरून, जवळजवळ डोळ्यांच्याच पातळीवरून पडतो. त्यामुळे कॅमेऱ्याकडे तोंड करून असलेले भाग, म्हणजे कपाळाचा मध्य, नाकाचा शेंडा आणि गालांचा उंचवटा, सर्वांत उजळ होतात, आणि चेहरा कानांकडे वळू लागला की उजेड झपाट्याने कमी होतो. दिवसा प्रकाश वरून येतो आणि बहुतेक वेळा आकाशाच्या मोठ्या भागातून येतो. डोक्याचा माथा, खांदे आणि नाकाची कणा उजळतात, तर भुवयांखालची खोबण, नाकाखालचा भाग आणि हनुवटीखालचा गळा किंचित गडद राहतो.

पाहणाऱ्याला हे शब्दांत सांगता येत नाही, परंतु डोळ्यांच्या खोबणी उजेडाने भरलेल्या आहेत आणि मागे मात्र भर दिवस आहे, एवढे त्याच्या नजरेला खटकते. म्हणून या कामात आधी उजेडाची दिशा आणि मृदुता जुळवावी लागते, मग उजेडाचे प्रमाण, आणि रंग सर्वांत शेवटी.

२. फ्लॅश आणि ऊन यांचा रंग सारखाच असतो असे वाचले होते. मग रंग जुळवण्याची गरजच काय?

वाचलेले बरोबर आहे. फ्लॅश साधारण ५५०० केल्विनच्या आसपास असतो आणि दुपारचे थेट ऊनही जवळपास तेवढेच असते. अडचण अशी की दिवसाच्या दृश्यात ऊन एकटे नसते. सावलीतल्या वस्तूंवर निळ्या आकाशाचा उजेड पडतो आणि तो ७००० केल्विनच्या पुढे जातो. ढगाळ दिवशी तो ६५०० च्या आसपास राहतो. शिवाय फरसबंदी, मुरूम किंवा गवत यांवरून परतलेला उजेड खालून येतो आणि आपला रंग सोबत आणतो. फ्लॅशच्या फोटोत हे दुसरे-तिसरे उजेड नसतातच. जिथे फ्लॅश पोहोचला नाही तिथे रात्रीचा काळोख असतो. म्हणून उजळ भागांचा रंग पुष्कळदा आपोआप जुळतो आणि गडद भागांचा जुळत नाही. तो कसा जुळवावा हे प्रश्न ७ मध्ये पाहा.

३. फ्लॅशच्या फोटोसाठी कोणती पार्श्वभूमी निवडावी?

या कामातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच आहे, आणि बहुतेक लोक तो घेतच नाहीत. त्यांना जागा आवडते म्हणून फोटो निवडला जातो. फ्लॅशचा उजेड समोरचा आहे हे आपण बदलू शकत नाही, त्याची धार मात्र कमी करू शकतो. तेव्हा ज्या दृश्यात उजेड समोरून आणि मऊ आहे, म्हणजे ढगाळ दिवस किंवा मोकळी सावली, तेच दृश्य शोधावे. मोकळी सावली म्हणजे जिथे ऊन थेट पडत नाही पण समोर आकाश खुले आहे अशी जागा.

एक उदाहरण घेऊ. नातवाच्या स्वागतसमारंभात रात्री लॉनवर काढलेला आजी-आजोबांचा पूर्ण उंचीचा फोटो आहे आणि तो शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोर बसवायचा आहे. हा दरवाजा उत्तरेकडे तोंड करून आहे. पुण्यात हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेच्या बाजूने जातो, त्यामुळे डिसेंबरात दरवाजाच्या दर्शनी भागावर ऊन पडतच नाही आणि तटाची सावली समोरच्या फरसबंदीवर, म्हणजे फोटो काढणाऱ्याच्या दिशेने पसरते. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारीही सूर्य सुमारे ४८ अंशांपर्यंतच चढतो, म्हणून तेव्हा ही सावली तटाच्या उंचीपेक्षा थोडीशीच आखूड असते. या पट्ट्यात उभ्या माणसावर उत्तरेच्या खुल्या आकाशाचा उजेड समोरून आणि वरून पडतो. फ्लॅशच्या फोटोला यापेक्षा सोयीची जागा मिळणे कठीण.

त्याच दरवाजाचा मे किंवा जूनमधला सकाळचा फोटो मात्र घेऊ नये. त्या दिवसांत सूर्य पूर्वेच्या उत्तरेला उगवतो आणि त्याचे तिरपे ऊन दर्शनी भागावर घासून जाते. दगडांच्या सांध्यांची आणि दारावरच्या अणकुचीदार खिळ्यांची लांब सावली पडते. तशा भिंतीसमोर सपाट उजेडातली माणसे उभी केली की खोटेपणा लगेच कळतो.

आपल्याकडची पार्श्वभूमी तपासताना खिडकीच्या चौकटीखाली, पायरीच्या कडेला किंवा उभ्या माणसाच्या पायाशी पडलेली सावली पाहावी. तिची कड स्पष्ट असेल तर तिथे थेट ऊन आहे. कड सापडत नसेल तर ती पार्श्वभूमी कामाची आहे.

४. माझ्याकडे पार्श्वभूमी एकच आहे आणि तिच्यात कडक ऊन आहे. काही करता येईल का?

ऊन कुठून येते आहे यावर ते अवलंबून आहे. सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागे, फार वर नसलेल्या जागी असेल, तर फ्लॅशची आणि उन्हाची दिशा बऱ्यापैकी जुळते. फ्लॅशची धार टिकवून ठेवता येते आणि जमिनीवर सावली तेवढी नव्याने घालावी लागते.

सूर्य माणसांच्या पाठीमागे असेल, तर चेहरे नाही तरी सावलीतच असायला हवेत. तेव्हा फ्लॅशचा उजेड मऊ करून माणसे सुमारे एका स्टॉपने गडद करावीत आणि केस व खांद्यांच्या कडेला उन्हाची बारीक रेघ रंगवावी. प्रत्यक्षातही छायाचित्रकार अशा वेळी भर दिवसा फ्लॅश वापरतात, त्यामुळे चेहऱ्यावर थोडा फ्लॅश दिसला तरी तो अशक्य वाटत नाही.

ऊन बाजूने येत असेल तर माझे मत स्पष्ट आहे: कमरेपासून वरचा, चेहरा मोठा दिसणारा फोटो करू नये. अर्धा चेहरा गडद करून, नाकाची सावली गालावर रंगवून ऊन दाखवता येते हे खरे, परंतु नाक, ओठ आणि पापण्या यांच्या सावल्या एकाच दिशेने व योग्य लांबीच्या रंगवणे हे जवळजवळ व्यक्तिचित्र काढण्याइतके काम आहे. माणसांची उंची फोटोच्या उंचीच्या पाव भागाहून कमी असेल, तर एक बाजू गडद करणे आणि जमिनीवर बरोबर सावली घालणे एवढ्यावर निभावते.

५. काम कोणत्या क्रमाने करावे? मी नेहमी रंग जुळवण्यापासून सुरुवात करतो.

रंगापासून सुरुवात केली की तो दोनदा जुळवावा लागतो, कारण उजळ आणि गडद भागांची पातळी बदलली की रंगही सरकतो. आजी-आजोबांच्या फोटोत क्रम असा राहील.

रॉ फाइल असेल तर ती उघडतानाच उजळ भाग खाली आणि गडद भाग थोडे वर घ्यावेत, म्हणजे कपाळावरचा चकाका आणि काळ्या कोटातले तपशील दोन्ही हाती राहतात. मग माणसे कापून मास्कसह पार्श्वभूमीवर ठेवावीत आणि उंची व डोळ्यांची पातळी जुळवावी. दोन्ही फोटो उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढलेले असतील, तर आजोबांचे डोळे पार्श्वभूमीतल्या इतर उभ्या माणसांच्या डोळ्यांच्या जवळपास त्याच आडव्या रेषेवर आले पाहिजेत. त्यानंतर चेहऱ्यांवरचा फ्लॅश मऊ करावा (प्रश्न ६), मग काळ्या-पांढऱ्याची पातळी व रंग (प्रश्न ७), मग कडा (प्रश्न ८), मग पायाखालची सावली (प्रश्न ९), आणि दोन्ही फोटोंचे दाणे शेवटी (प्रश्न १३).

६. चेहरा सपाट आणि तेलकट दिसतो. फ्लॅशचा हा परिणाम मऊ कसा करावा?

यात दोन वेगळी कामे आहेत आणि ती वेगळ्या लेयरवर करावीत.

पहिले काम चकाक्याचे. माणसांच्या वर एक रिकामा लेयर घेऊन तो माणसांच्या लेयरला क्लिप करावा. त्या लेयरचा मोड Darken ठेवून आणि ब्रशची अपारदर्शकता १५ ते २० टक्के ठेवून, चकाक्याच्या अगदी लगतचा त्वचेचा रंग उचलावा आणि हलक्या हाताने चकाक्यावर फिरवावा. Darken मोडमुळे त्या रंगापेक्षा उजळ असलेलेच बिंदू बदलतात आणि शेजारची त्वचा तशीच राहते. चकाका पूर्ण घालवू नये. दिवसाच्या उजेडातही कपाळ थोडे चमकतेच, आणि सगळी चमक गेली की चेहऱ्याला पावडर थापल्यासारखी दिसते. चकाक्याच्या मध्यभागी तिन्ही रंगांचा आकडा २५५ असेल, तर तिथे त्वचेचा पोत उरलेलाच नसतो. तिथे रंगासोबत बाजूच्या त्वचेचा पोतही आणून बसवावा लागतो.

दुसरे काम उजेडाची घडण बदलण्याचे. ५० टक्के करड्या रंगाने भरलेला लेयर Soft Light मोडमध्ये ठेवावा आणि त्यावर मोठ्या, मऊ ब्रशने, ५ टक्क्यांच्या आसपासच्या प्रवाहाने काळा किंवा पांढरा रंग भरावा. आजोबांच्या चेहऱ्यावर गालांच्या बाजू आणि कानशिले उजळ करावीत, कारण खुल्या आकाशाचा उजेड तिथपर्यंत वळून येतो आणि फ्लॅशचा येत नाही. टोपीचा माथा, खांद्यांच्या वरची बाजू आणि नाकाची कणा थोडी उजळावी. त्याउलट भुवयांखालची खोबण, खालच्या ओठाखालची घळ आणि हनुवटीखालचा गळा हलकासा गडद करावा. हनुवटीखाली किंवा नाकाशेजारी फ्लॅशने काळी, धारदार सावली पाडली असेल, तर आधी ती उजळून तिची कड मोडावी, नाहीतर नवी मऊ सावली आणि जुनी कडक सावली एकमेकींवर बसतात.

आजीच्या नथीची किंवा मंगळसूत्राची त्वचेवर पडलेली बारीक, ठसठशीत सावली हमखास विसरली जाते. मोकळ्या सावलीत अशी रेघ पडत नाही. ती पुसणे दोन मिनिटांचे काम आहे, आणि न पुसल्यास जाणकार पहिल्यांदा तिथेच बोट ठेवतो.

७. काळा रंग फार काळा आणि पांढरा फार पांढरा दिसतो. माणसांचा रंग पार्श्वभूमीशी नेमका कसा जुळवावा?

अंदाजाने न जुळवता Info पॅनेलमधले आकडे पाहावेत. माणसांमधली सर्वांत गडद जागा आणि पार्श्वभूमीत माणसांच्या जवळपास तेवढ्याच अंतरावरची गडद जागा, अशी जोडी निवडावी. समजा, आजोबांच्या काळ्या कोटाच्या घडीत आकडे ६, ६, ७ आहेत आणि दरवाजाच्या तळाशी असलेल्या सांध्यात ते २२, २५, ३१ आहेत. म्हणजे दृश्यातला काळा रंग पूर्ण काळा नाही, आणि त्याला आकाशाची निळसर झाक आहे. Curves मध्ये लाल, हिरवा आणि निळा असे तिन्ही रंग वेगवेगळे उघडून त्यांचे खालचे टोक या आकड्यांच्या जवळ उचलावे. एवढ्यानेच माणसे दृश्याच्या हवेत आल्यासारखी वाटतात.

पांढऱ्याचे टोकही असेच. आजोबांच्या टोपीवर आकडे २४०, २३८, २३४ असतील आणि सावलीतल्या पांढऱ्या वस्तूवर २१२, २१७, २२६ असतील, तर वरचे टोक त्यानुसार खाली आणावे. दरवाजामागचे उजळ आकाश मात्र माप म्हणून घेऊ नये. ते सावलीतल्या कोणत्याही पांढऱ्या कापडापेक्षा कितीतरी उजळ असते.

येथे एक खाचखळगा आहे. नीळ घातलेले धोतर किंवा धुण्याच्या पावडरीने चमकणारा सदरा पांढऱ्याचे माप म्हणून वापरू नये. अशा पावडरीतली द्रव्ये अतिनील प्रकाश शोषून निळसर उजेड देतात आणि फ्लॅशमध्ये कापड आहे त्याहून निळे दिसू शकते. तो निळेपणा काढायला गेले की चेहरे पिवळे पडतात. न धुतलेली वस्तू, उदाहरणार्थ डोळ्यांचा पांढरा भाग किंवा चष्म्याची करडी दांडी, जास्त भरवशाची.

शेवटी त्वचा नजरेने तपासावी. आकडे जुळले तरी सावलीतल्या निळ्या उजेडाची पूर्ण मात्रा चेहऱ्याला दिली, तर माणसे आजारी दिसतात. मी त्वचेवर ही दुरुस्ती निम्म्याच्या आसपास ठेवतो आणि कपड्यांवर पूर्ण.

८. केसांच्या कडेला काळी रेघ उमटते. ती का येते आणि कशी घालवावी?

कडेवरचा प्रत्येक बिंदू हा थोडा माणसाचा आणि थोडा मागच्या पार्श्वभूमीचा असतो. रात्रीच्या फोटोत मागे काळोख असल्याने त्या बिंदूंमध्ये काळा रंग मिसळलेला असतो. तो उजळ आकाशावर ठेवला की रेघ दिसते. कपड्यांच्या आणि चेहऱ्याच्या कडेला उपाय सोपा आहे: मास्क एक-दोन बिंदूंनी आत घ्यावा, किंवा Select and Mask मधला Decontaminate Colors हा पर्याय थोड्या प्रमाणात वापरावा.

केसांची अडचण निराळी आहे. काळे केस काळ्या रात्रीवर असतील तर तिथे कड मुळात टिपलीच गेलेली नसते. आधी रॉ फाइलमधला गडद भाग दोन स्टॉप उजळून एक वेगळी प्रत काढावी आणि तिच्यात केसांची सीमा दिसते का ते पाहावे. दिसली तर त्या प्रतीवरून मास्क करावा आणि तो मूळ प्रतीला लावावा. काहीच दिसले नाही तर केसांची बाह्यरेषा आपणच ठरवून बारीक ब्रशने सुट्या बटा काढाव्या लागतात. आजोबांच्या टोपीमुळे त्यांचे काम वाचते. आजींच्या अंबाड्याभोवतीच्या चार-सहा पांढऱ्या बटा मात्र फ्लॅशमध्ये स्पष्ट उमटतात आणि जपण्यासारख्या असतात.

९. पायाखालची सावली किती लांब आणि किती गडद असावी?

मोकळ्या सावलीत आणि ढगाळ दिवशी लांब सावली पडत नाही. तिथे हवी असते ती स्पर्शाची सावली: जिथे चप्पल जमिनीला टेकते तिथे जवळजवळ काळी आणि बोटभर रुंद, आणि तिच्याभोवती सुमारे एक पाऊल अंतरात विरून जाणारी अगदी फिकट सावली. Multiply मोडमधल्या दोन वेगळ्या लेयरवर ती करावी. आजींच्या पातळाचा घेर जमिनीला जवळजवळ टेकतो, म्हणून तिथे पट्टा अधिक रुंद आणि अधिक गडद येतो.

ऊन असेल तर सावलीची लांबी सूर्याच्या उंचीवरून ठरते. सूर्य ४५ अंशांवर असताना सावली उंचीएवढी, ३० अंशांवर उंचीच्या १.७ पट आणि ६० अंशांवर ०.६ पट पडते. पार्श्वभूमीतला खांब आणि त्याची सावली मोजून हे प्रमाण थेट काढता येते, मात्र सावली कॅमेऱ्याच्या दिशेने किंवा त्यापासून दूर जात असेल तर ती आखूड झालेली दिसते हे लक्षात घ्यावे. उन्हाच्या सावलीची कडही सर्वत्र सारखी धारदार नसते. सूर्याची तबकडी आकाशात सुमारे अर्धा अंश रुंद दिसते, म्हणून सावली पाडणारी वस्तू एक मीटर दूर असेल तर सावलीची कड जवळपास एक सेंटिमीटर पुसट होते. पायाशी कड स्पष्ट आणि डोक्याच्या सावलीशी पुसट, असा चढता Gaussian Blur द्यावा.

१०. कुटुंबाच्या गट-फोटोत पुढची रांग उजळ आणि मागची काळोखी आहे. सगळ्यांना एकदम उजळ केले तर चालेल का?

चालणार नाही. फ्लॅशचा उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. पुढची रांग २ मीटरवर आणि मागची ३ मीटरवर असेल, तर मागच्यांना पुढच्यांच्या ४४ टक्केच उजेड मिळतो. तो भरून काढायला सुमारे १.२ स्टॉप लागतात. दिवसाच्या उजेडात या दोन रांगांत काहीच फरक नसतो. म्हणून प्रत्येक रांगेला स्वतंत्र मास्क करून मागच्यांना १ ते १.२ स्टॉप उजळावे. पुढच्या माणसाची मागच्याच्या कपड्यांवर पडलेली कडक सावली यात अधिकच उठून दिसू लागते, ती प्रश्न ६ मधील रीतीने मोडावी.

एकट्या उभ्या माणसातही हा फरक असतो. कॅमेरा दीड मीटर उंचीवर आणि माणूस २ मीटरवर असेल, तर चेहरा २ मीटरवर आणि पाय अडीच मीटरवर येतात. पायांना चेहऱ्याच्या दोन तृतीयांशच्या आसपास उजेड मिळतो. हा फरक पूर्ण भरून काढू नये, निम्मा पुरे. दिवसाही पायांकडे आकाशाचा उजेड थोडा कमीच पोहोचतो.

११. सगळे जुळवले, तरी डोळे विचित्र दिसतात. काय राहिले?

बहुधा डोळ्यातला चमकबिंदू राहिला असेल. फ्लॅशचा बिंदू लहान, पांढराशुभ्र आणि बाहुलीच्या मध्याजवळ असतो. आकाशाचे प्रतिबिंब मोठे, फिके आणि डोळ्याच्या वरच्या अर्ध्या भागात पडते. जुना बिंदू पुसून तिथे किंचित निळसर, मऊ कडेचा मोठा ठिपका वर सरकवून ठेवावा. दोन्ही डोळ्यांत तो एकाच जागी असावा.

रात्री बाहुल्या मोठ्या झालेल्या असतात हेही खरे आहे, आणि दिवसा त्या बऱ्याच लहान होतात. आपल्याकडे बहुतेकांचे डोळे गडद तपकिरी असल्याने हे सहसा दिसत नाही. घाऱ्या डोळ्यांच्या माणसाच्या जवळच्या फोटोत मात्र बाहुली लहान करावी लागते.

१२. लॉनवरच्या पिवळ्या दिव्यांची नारिंगी झाक खांद्यांवर आहे. ती ठेवावी का?

दुपारच्या दृश्यात ठेवू नये, कारण तिथे तसा उजेड देणारे काही नाही. ती भागापुरता मास्क करून नारिंगी रंगाची तीव्रता उतरवावी आणि नंतर तो भाग थोडा निळ्याकडे न्यावा. संपूर्ण फोटोचा व्हाइट बॅलन्स बदलून हे होत नाही. चेहऱ्यावरचा फ्लॅश आधीच योग्य रंगाचा असतो, तो निळा पडतो. पार्श्वभूमी सूर्यास्ताच्या वेळची असेल आणि सूर्य त्याच बाजूला असेल, तर हीच झाक आयती मिळालेली उन्हाची कड म्हणून उपयोगी पडते.

१३. माणसांवर रवा आहे आणि मागचा दगड गुळगुळीत आहे. हे दाणे कसे जुळवावेत?

रात्रीचा फोटो उच्च आयएसओवर काढलेला असतो, त्यामुळे त्यात दाणे असतात. माणसांवरचे दाणे आधी निम्म्याहून अधिक कमी करावेत आणि सर्वांत शेवटी संपूर्ण चित्रावर एकच बारीक दाणा घालावा. सगळे दाणे माणसांवरूनच काढायचा प्रयत्न केला तर पैठणीची वीण आणि चेहऱ्यावरच्या सुरकुत्या दोन्ही जातात.

१४. आपलेच काम पाहून पाहून नजर मरते. जोड उघडा पडतो आहे का हे कसे तपासावे?

तीन तपासण्या पुरतात. चित्राचा रंग तात्पुरता काढून ते कृष्णधवल पाहावे. उजेडाची चूक असेल तर ती इथेच दिसते, कारण रंग तिला झाकत नाही. मग रंग परत आणून सर्वांत वर एक Curves लेयर ठेवावा आणि त्याची रेषा वर-खाली वेडीवाकडी करावी. माणसे आणि पार्श्वभूमी वेगवेगळ्या रंगांत फुटली तर गडद भागांचा रंग जुळलेला नाही. शेवटी चित्र आडवे उलटावे आणि अंगठ्याएवढे लहान करून पाहावे. लहान चित्रात माणसे आधी आणि दरवाजा नंतर दिसला, तर माणसे अजून अर्ध्या स्टॉपने जास्त उजळ आहेत.

१५. माझ्याकडे फक्त मोबाइलवरून आलेला जेपीजी फोटो आहे. वरील सगळे त्यावर होईल का?

काही होईल, काही होणार नाही. चकाका, चमकबिंदू, पायाखालची सावली ही कामे होतात. गडद भाग दोन स्टॉप उजळून केसांची कड शोधणे होत नाही. तिथे चौकोनी ठोकळे उमटतात. संदेशातून पाठवताना फोटो आणखी दाबला जातो, म्हणून ज्याने तो काढला त्याच्याकडून मूळ फाइल दस्तऐवज म्हणून मागवावी. ती मिळत नसेल तर माणसे चित्रात लहान ठेवणे हाच उपाय.

१६. जरीचा पदर आणि पारदर्शक ओढणी यांचे काय करावे? येथे वरची कोणतीच रीत लागू पडत नाही.

जर ही आरशासारखी वागते: समोर जे असेल ते ती दाखवते. फ्लॅशमध्ये तिच्या काही धाग्यांवर पांढरे ठिपके आणि बाकी धाग्यांवर काळोख उमटतो. खुल्या आकाशाखाली तीच जर एकसंध, फिकट सोनेरी दिसते. पांढरे ठिपके प्रश्न ६ मधल्या Darken लेयरच्या रीतीने सोनेरीकडे आणावेत आणि काळोखी धाग्यांच्या जागी मऊ ब्रशने फिका सोनेरी रंग Screen मोडमध्ये अगदी कमी मात्रेत द्यावा. काठावरच्या मोरांची नक्षी पुसली जाऊ लागली की थांबावे.

पारदर्शक ओढणीतून मागचा रात्रीचा काळोख दिसत असतो आणि तो कापून वेगळा करता येत नाही. मागे गडद दरवाजा असेल तर ओढणीचा भाग Screen मोडमध्ये ठेवावा. काळोख गळून जातो आणि उजळ धागे दरवाजावर उरतात. मागे उजळ आकाश असेल तर हाच मोड ओढणी पुसून टाकतो. अशा वेळी ओढणीचा मास्क ४० ते ६० टक्के अपारदर्शक करून तिच्या खाली तिच्याच रंगाचा फिका, सपाट लेयर भरावा, किंवा सरळ माणसे दोन पावले बाजूला सरकवून ओढणीमागे आकाशाऐवजी तटाचा दगड आणावा. जागा असेल तर मी दुसरा मार्ग घेतो.